तीन तासांचा सिनेमा एका वाक्यात

‘शोले’ 15 ऑगस्ट 1975 रोजी प्रदर्शित झाला, तेव्हा त्याची लांबी तीन तासांहून जास्त होती. त्यात दोन प्रेमकथा होत्या, एक तुरुंग होता, एक हत्याकांड होतं, होळी होती, सांभा आणि कालिया होते, सूरमा भोपाली होता. पण सलीम-जावेद यांनी ही गोष्ट सिप्पी पितापुत्रांपुढे मांडली, तेव्हा ती जेमतेम चार ओळींची होती. एका लष्करी अधिकाऱ्याच्या कुटुंबाची कत्तल होते आणि सूड घेण्यासाठी तो आपल्या हाताखालच्या, पण शिस्तभंगामुळे काढून टाकलेल्या दोघांची मदत घेतो, एवढीच ती कल्पना. पुढे लष्करी अधिकाऱ्याचा पोलीस अधिकारी झाला, ते दोघे भुरटे चोर झाले आणि रामगढ उभं राहिलं. चित्रपट बनवायचा निर्णय मात्र त्या चार ओळींवर झाला होता.

अशा चार ओळींना आणखी आटवून एकाच वाक्यात आणलं, की चित्रपटाच्या धंद्यात तिला लॉगलाइन म्हणतात. गोष्टीचा नायक कोण, त्याला काय हवं आहे, त्याच्या आड कोण येतं आणि तो हरला तर काय गमावेल, एवढं त्या वाक्यातून कळलं पाहिजे. हॉलिवूडच्या स्टुडिओंमध्ये पटकथा वाचून त्यांच्यावर टिपण लिहिणारे पगारी वाचक असतात आणि त्या टिपणाच्या माथ्यावर लॉगलाइन असते. आपल्याकडे गोव्यात 2007पासून भरणाऱ्या एनएफडीसीच्या फिल्म बाजारसारख्या ठिकाणी प्रकल्प पाठवायचा, तर सविस्तर कथेच्या आधी लॉगलाइन लिहावी लागते. अंधेरीतल्या एखाद्या निर्मात्याला फोन केला, तर तोही पहिल्यांदा ‘गोष्ट काय आहे?’ एवढंच विचारतो. त्या प्रश्नाला वीस मिनिटांचं उत्तर ऐकायला तो थांबत नाही.

आपली गोष्ट मोठी आहे, ती एका वाक्यात कशी मावेल, ही नव्या लेखकाची नेहमीची तक्रार असते. गोष्ट खरोखरच मावत नाही आणि मावायची गरजही नाही. लॉगलाइन हा गोष्टीचा सारांश नसतो. एवढ्या सगळ्या पात्रांतून आणि प्रसंगांतून नेमकं कोणाचं काय पणाला लागलं आहे, याचा लेखकानं केलेला निवाडा म्हणजे लॉगलाइन. हा निवाडा कसा करायचा, हे पाहायला ‘शोले’ फार सोयीचा आहे. तो बहुतेकांनी पाहिलेला आहे आणि त्यातली गुंतागुंत खरी आहे.

आधी चुकीची वाक्यं

समजा, ‘शोले’ अजून बनलेला नाही आणि त्याचं वाक्य आपल्याला लिहायचं आहे. पहिल्या दमात बहुतेक जण असं काही लिहितील: ‘रामगढचे ठाकूर दोन चोरांना गावात बोलावतात, मग वीरू बसंतीच्या प्रेमात पडतो आणि जयचा जीव राधावर जडतो, मग होळीच्या दिवशी गब्बर हल्ला करतो, मग ठाकूरांचा भूतकाळ कळतो आणि मग शेवटी मोठी लढाई होते.’ यात खोटं काही नाही. पण घटना एकापुढे एक ठेवल्या आहेत आणि त्यांना जोडणारा दुवा ‘मग’ एवढाच आहे. ऐकणाऱ्याला कोणाची काळजी करायची, ते कळत नाही. शिवाय जय, वीरू, बसंती, राधा, गब्बर ही नावं ज्यानं चित्रपट पाहिलेला नाही त्याच्यासाठी रिकामी आहेत. नावाऐवजी ‘भुरटा चोर’, ‘टांगेवाली’, ‘विधवा सून’ असं म्हटलं, तर प्रत्येक शब्द काहीतरी सांगतो. म्हणून लॉगलाइनमध्ये पात्राचं नाव शक्यतो घालत नाहीत. त्याऐवजी त्याचा व्यवसाय किंवा परिस्थिती घालतात आणि जोडीला गोष्टीशी संबंध असलेलं एखादं विशेषण. व्यक्ती इतिहासातली आणि सर्वांना ठाऊक असलेली असेल, तरच नाव कामाचं.

दुसरी चूक याच्या उलट टोकाची असते: ‘मैत्री, सूड आणि त्याग यांची थरारक कहाणी.’ हे वाक्य ‘शोले’ला लागू आहे, पण ते इतर शंभर चित्रपटांनाही तितकंच लागू आहे. पोस्टरवर छापायला ते चालेल, कारण पोस्टरचं काम उत्सुकता चाळवण्याचं असतं. निर्मात्याला मात्र चित्रपट दिसायला हवा. मैत्री, सूड, त्याग यांतलं काहीच कॅमेऱ्यापुढे उभं करता येत नाही. डाकूला जिवंत पकडणं उभं करता येतं.

तिसरी चूक प्रश्नाची: ‘दोन चोर एका डाकूला पकडू शकतील का?’ असा प्रश्न केला, की वाक्यात ताण आहे असं वाटतं. प्रत्यक्षात तो ताण ऐकणाऱ्यावर ढकललेला असतो. पकडू शकले नाहीत तर काय होईल, हे लेखकानं सांगितलेलंच नाही. ते सांगितलं, तर प्रश्न विचारायची गरज उरत नाही.

नायक कोण?

आता खरं काम सुरू होतं. ‘शोले’चा नायक कोण? उत्तर वाटतं तितकं सरळ नाही.

ठाकूर बलदेवसिंग हे पहिले उमेदवार. ज्या इच्छेवर अख्खा चित्रपट चालतो, ती त्यांची आहे. गब्बरनं त्यांचं घर संपवलं, त्यांचे दोन्ही हात तोडले आणि तो त्यांना जिवंत हवा आहे. चोरांना तुरुंगातून शोधून आणायची कल्पना त्यांची, पैसा त्यांचा, अटही त्यांचीच. सलीम-जावेद यांच्या मूळ चार ओळीही याच माणसाच्या होत्या. ही निवड केली, तर वाक्य असं होईल:

‘डाकूनं कुटुंब मारून दोन्ही हात तोडलेला माजी पोलीस अधिकारी त्याला जिवंत पकडण्यासाठी, आपणच कधीकाळी पकडलेल्या दोन चोरांना गावात आणतो, पण त्या सूडापायी डाकूची वक्रदृष्टी साऱ्या गावावर पडते.’

हे वाक्य वाईट नाही. नायक आहे, विरोध आहे आणि गावावरचं संकटही आहे. पण ते चित्रपटाशेजारी ठेवून पाहिलं, की एक अडचण दिसते. चित्रपटाचा बराच काळ ठाकूर काही करत नाहीत, ते करवून घेतात. गावात लढतात ते दुसरेच, प्रेमात पडतात ते दुसरेच आणि ज्यांना निर्णय घ्यावे लागतात तेही दुसरेच. ठाकूरांची इच्छा पहिल्या भेटीत जी असते, तीच शेवटपर्यंत राहते.

दुसरे उमेदवार जय आणि वीरू. ते दोघे असले, तरी लॉगलाइनपुरते एकच आहेत, कारण त्यांचं उद्दिष्ट एक आहे आणि धोकाही एक आहे. त्यांची वाटचाल पाहा. ते पैशांसाठी येतात. गावात आल्यावर रात्री ठाकूरांची तिजोरी फोडायला निघतात, तेव्हा राधा त्यांना पकडते आणि किल्ल्या स्वतःच त्यांच्या हातात ठेवते. तिथे ते पहिल्यांदा खजील होतात. होळीच्या हल्ल्यात ठाकूर बंदूक उचलून देत नाहीत, म्हणून ते चिडून गाव सोडायला निघतात. त्यानंतर ठाकूरांचे हात नाहीत हे त्यांना कळतं आणि पैसे नाकारून ते थांबतात. इमामसाहेबांचा मुलगा अहमद मारला जातो, तेव्हा घाबरलेले गावकरी या दोघांनाच गब्बरच्या हवाली करायला निघतात. अशा प्रत्येक वळणावर निसटून जायची वाट त्यांच्यापुढे मोकळी असते आणि दर वेळी ती नाकारण्याची किंमत वाढत जाते.

नायक निवडण्याची कसोटी यातच आहे. सर्वात जास्त सोसणारं पात्र नायक असेलच असं नाही. सर्वात जास्त वेळ पडद्यावर दिसणारंही नसेल. ज्याला निवड करावी लागते आणि निवडीची किंमत स्वतः मोजावी लागते, तो लॉगलाइनचा नायक. या कसोटीवर ‘शोले’चं वाक्य जय-वीरूंकडे जातं. ठाकूर त्यात राहतात, पण काम सोपवणारा माणूस म्हणून.

विरोध आणि पणाला लागलेली गोष्ट

नायक ठरला, की त्याला काय हवं आहे ते लिहायचं. इथे एक पथ्य पाळावं लागतं. हवी असलेली गोष्ट डोळ्यांना दिसणारी असली पाहिजे. ‘जय-वीरूंना आयुष्याचा अर्थ शोधायचा आहे’ असं लिहिलं, तर तो अर्थ त्यांना मिळाला की नाही, हे प्रेक्षकाला कधीच कळणार नाही. ‘डाकूला जिवंत पकडायचं आहे’ असं लिहिलं, तर तो पकडला गेला की नाही, हे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कळेल. त्यातला ‘जिवंत’ हा शब्द फार मोलाचा आहे. तो काढला तर काम सोपं होतं, कारण दुरून गोळी घालता येते. तो ठेवला, की डाकूच्या जवळ जावं लागतं. एका विशेषणानं विरोध दुप्पट होतो.

पण एवढ्यावर थांबलं, तर वाक्य असं दिसतं: ‘दोन भुरटे चोर पैशांसाठी एका क्रूर डाकूला जिवंत पकडायला निघतात.’ यात नायक आहे आणि विरोधही आहे, तरी वाक्य कोरडं राहतं. काय कमी आहे, ते ओळखायला एक प्रश्न पुरतो: त्यांना जमलं नाही तर? या वाक्यानुसार जमलं नाही, तर ते पैसे न घेता परत जातील. बिघडलं काय? जोपर्यंत नायकाला खांदे उडवून घरी जाता येतं, तोपर्यंत काहीही पणाला लागलेलं नसतं. नव्या लेखकांच्या बहुतेक लॉगलाइन इथेच अडतात. नायक छान असतो, खलनायक छान असतो, पण नायकाला तिथे बांधून ठेवणारं काही नसतं.

‘शोले’त त्यांना बांधून ठेवतं ते गाव. बसंती, मौसी, राधा, इमामसाहेब, अहमद ही सगळी माणसं मिळून एकच काम करतात. दोन भाडोत्री माणसांना ती रामगढची माणसं बनवतात. आता लांब गोष्ट लहान करायची खरी युक्ती हाती लागते. उपकथानकं एकेक करून कापत बसायचं नसतं. ती सगळी मिळून नायकावर कोणता परिणाम करतात, तो शोधायचा आणि तेवढाच लिहायचा. दोन प्रेमकथा, एक पोरका बाप आणि एक खट्याळ मौसी यांच्या जागी ‘गाव त्यांना आपलंसं करतं’ एवढे चार शब्द पुरतात. तुरुंगातला जेलर आणि सूरमा भोपाली मात्र पूर्ण वगळायचे. ते चित्रपटात कितीही लाडके असले, तरी त्यांच्यामुळे नायकाची निवड बदलत नाही.

आणखी एक गोष्ट वाक्यात यायला हवी आणि ती म्हणजे या प्रसंगातलं वेगळेपण. डाकू आणि गाव असलेल्या गोष्टी हिंदीत अनेक झाल्या. इथलं नवल असं, की ज्यानं या चोरांना पकडलं होतं, तोच पोलीस अधिकारी आता त्यांना कामावर ठेवतो. ही विसंगती वाक्यात आली, तर ऐकणारा मान वर करतो. सगळं एकत्र करून वाक्य असं बनतं:

‘दोन भुरटे चोर आपल्याला कधीकाळी पकडणाऱ्या माजी पोलीस अधिकाऱ्याकडून पैसे घेऊन एका क्रूर डाकूला जिवंत पकडायला निघतात, पण डाकूच्या दहशतीखालचं गाव त्यांना आपलंसं करतं आणि आता पळाले तर गावाचा बळी जाणार, थांबले तर त्यांचा.’

हे 34 शब्द आहेत. मराठीत विभक्ती शब्दालाच चिकटत असल्यामुळे इंग्रजीपेक्षा शब्द कमी लागतात. पंचवीस ते पस्तीस शब्दांत बहुतेक गोष्टी बसतात. त्याच्या पुढे वाक्य गेलं, तर सहसा दोन गोष्टी एकत्र शिरलेल्या असतात.

या वाक्यात काय नाही, तेही पाहण्यासारखं आहे. ठाकूरांचे तोडलेले हात नाहीत. चित्रपटानं ती गोष्ट निम्म्यापर्यंत लपवून ठेवली आहे. लॉगलाइन निर्मात्यासाठी असते, प्रेक्षकासाठी नाही, त्यामुळे असं रहस्य त्यात सांगायला बंदी नाही. पण त्याच्याशिवाय वाक्य उभं राहत असेल, तर ते राखून ठेवावं. शेवटही नाही, जयचा मृत्यूही नाही. ‘शोले’चा शेवट सेन्सॉरमुळे बदलावा लागला होता. मूळ शेवटात ठाकूर गब्बरला ठार मारतात, प्रदर्शित झालेल्या चित्रपटात ऐन वेळी पोलीस येऊन त्याला ताब्यात घेतात. चित्रपटाचा शेवटचा प्रसंग असा उलटला, तरी वरच्या वाक्यातला एकही शब्द बदलावा लागत नाही. लॉगलाइन पेच मांडते, तो कसा सुटला हे सांगत नाही. पेच पक्का असेल, तर त्याला एकाहून जास्त शेवट असू शकतात.

डाकू नसतो तेव्हा

‘शोले’त विरोध करणारा माणूस बंदूक घेऊन डोंगरावर बसलेला आहे, त्यामुळे तो शोधायला कष्ट पडत नाहीत. मराठीत बऱ्याच चांगल्या गोष्टींत असा कोणी नसतो. संदीप सावंत यांचा ‘श्वास’ घ्या. माधवी घारपुरे यांच्या कथेवरचा हा 2004चा चित्रपट. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि भारतातर्फे ऑस्करसाठीही तो पाठवला गेला. कोकणातले आजोबा लहानग्या परशाला घेऊन शहरातल्या डॉक्टरांकडे येतात. त्याच्या डोळ्यांत कर्करोग आहे. जीव वाचवायचा तर शस्त्रक्रिया करावी लागेल आणि शस्त्रक्रिया केली, तर दृष्टी कायमची जाईल.

इथेही पहिला प्रश्न नायकाचाच. आजार परशाला आहे, सर्वात जास्त गमावणार तोच आहे. म्हणून पुष्कळ जण वाक्य त्याच्यापासून सुरू करतील: ‘एका लहान मुलाला डोळ्यांचा कर्करोग होतो...’ पण त्या मुलाच्या हातात कोणताही निर्णय नाही. निर्णय आजोबांना घ्यायचा आहे, मुलाला सांगायचंही त्यांनाच आहे आणि शस्त्रक्रिया लांबते तेव्हा त्याला रुग्णालयातून घेऊन जातात तेही आजोबाच. डॉक्टर आणि समाजसेविका आसावरी ही महत्त्वाची माणसं आहेत, पण त्यांच्या आयुष्याचा तोल या निर्णयावर टांगलेला नाही. वाक्य आजोबांचं आहे.

विरोध कोणाचा? डॉक्टर शत्रू नाहीत, ते तर जीव वाचवत आहेत. विरोध आहे तो दोन गोष्टींपैकी एकच मिळेल या अटीचा आणि हातातून निसटणाऱ्या वेळेचा. खलनायक नसलेल्या गोष्टीत हे हटकून शोधावं: नायकाला कोणत्या दोन गोष्टी एकदम हव्या आहेत, ज्या एकदम मिळू शकत नाहीत? ते सापडलं, की ‘परिस्थितीशी झुंज’ असले धूसर शब्द लिहावे लागत नाहीत.

आता हे वाक्य मराठीत लिहू. पहिला प्रयत्न सहसा असा होतो: ‘डोळ्यांच्या कर्करोगानं ग्रासलेल्या आणि जीव वाचवण्यासाठी दृष्टी गमवावी लागणाऱ्या आपल्या लहानग्या नातवाला शस्त्रक्रियेआधी जग दाखवू इच्छिणाऱ्या कोकणातल्या आजोबांची ही कथा आहे.’ व्याकरण बरोबर आहे, पण वाचणाऱ्याला दम लागतो. मराठीत विशेषणं नामाच्या आधी येतात आणि क्रियापद शेवटी, त्यामुळे सगळा तपशील नायकाच्या पुढे रांग लावून उभा राहतो आणि नायक अगदी शेवटी येतो. त्यातून ‘कथा आहे’ असा शेवट केला, की क्रियापदाची ती मोक्याची जागाच वाया जाते. उपाय दोन आहेत. पेच आधी एका छोट्या उपवाक्यात सांगून टाकायचा आणि लगेच नायक आणायचा. आणि शेवटचं क्रियापद नायकाच्या कृतीचं ठेवायचं, लेखकाच्या ओळखीचं नाही:

‘नातवाचा जीव वाचवायचा तर त्याची दृष्टी जाणार हे कळल्यावर कोकणातले साधेभोळे आजोबा शस्त्रक्रियेआधी हाती उरलेल्या एका दिवसात त्याला डोळे भरून जग दाखवायला, कोणालाही न सांगता रुग्णालयातून घेऊन जातात.’

या वाक्यात आजोबा ज्या कृतीनं लक्षात राहतात, ती चित्रपटात बरीच उशिरा येते. सर्वसाधारणपणे लॉगलाइनमध्ये गोष्टीच्या पहिल्या अर्ध्या भागापलीकडे जात नाहीत. इथे गेलो, कारण ती कृती काढली तर उरतो तो फक्त एक आजार आणि आजाराची गोष्ट कोणाचीही असू शकते. नातवाला घेऊन निघालेले आजोबा मात्र याच चित्रपटाचे आहेत. नियम आणि वेगळेपण यांची टक्कर झाली, तर वेगळेपण राखावं. फक्त ते शेवट उघड करत नाही ना, एवढं पाहावं.

वाक्य जमत नाही तेव्हा

आपल्या गोष्टीचं वाक्य लिहायला बसलात, की ते पहिल्या पाच-सात प्रयत्नांत जमणार नाही. ते कुठे अडतंय याकडे नीट लक्ष द्या, कारण अडचण पुष्कळदा वाक्यात नसून गोष्टीत असते.

वाक्यात दोन-तीनदा ‘आणि’ आला, तर गोष्टीत दोन नायक किंवा दोन उद्दिष्टं असण्याची शक्यता आहे. नायकापुढे ‘त्याला जाणीव होते’, ‘तिचं आयुष्य बदलून जातं’, ‘त्याला सत्य उमगतं’ अशीच क्रियापदं येत राहिली, तर तुमचा नायक काही करत नाही. त्याच्यावर फक्त गोष्टी घडतात. ‘नाहीतर’ हा शब्द मनातल्या मनात जोडून पाहिला आणि त्यापुढे लिहायला काही सुचलं नाही, तर काहीच पणाला लागलेलं नाही. या तिन्ही चुका वाक्याची रचना बदलून लपवता येतात, पण मग त्या शंभर पानांच्या पटकथेत पुन्हा वर येतात आणि तिथे दुरुस्त करणं फार महाग पडतं. म्हणून लॉगलाइन पटकथेनंतर लिहिण्यापेक्षा आधी लिहावी आणि पटकथा लिहिताना समोर ठेवावी.

वाक्य तयार झालं, की ते गोष्ट ठाऊक नसलेल्या माणसाला एकदाच मोठ्यानं वाचून दाखवा. अर्ध्या तासानं त्यालाच ती गोष्ट सांगायला सांगा. त्यानं तुमचे शब्द विसरले तर हरकत नाही. पण कोणाला काय हवं होतं आणि नाहीतर काय झालं असतं, हे त्याला सांगता आलं नाही, तर वाक्य पुन्हा लिहा. त्यानं आपण होऊन ‘मग पुढे काय झालं?’ असं विचारलं, तर वाक्य जमलं.

प्रत्येक चित्रपट या साच्यात बसतोच असं नाही. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये वृद्ध लोकशाहिरावर खटला चालतो. त्याच्या गाण्यानं एका सफाई कामगाराला आत्महत्येस प्रवृत्त केलं, असा आरोप असतो. चित्रपट मात्र बचावाचा वकील, सरकारी वकील आणि न्यायाधीश यांच्या खासगी आयुष्यातही तितकाच रमतो. अशा चित्रपटाला एकच नायक चिकटवला, तर वाक्य खोटं पडतं. तिथे खटला हाच कणा मानून, त्याच्या भोवतीची माणसं सांगावी लागतात. ‘कोर्ट’ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, व्हेनिसमध्ये गौरव झाला, म्हणजे एका नायकाशिवायही चित्रपट उभा राहतो. पण त्यासाठी कणा कोणता, हे लेखकाला ठाऊक असावं लागतं आणि ते त्याला एका वाक्यात सांगता आलंच पाहिजे.

शेवटी एक व्यावहारिक सावधगिरी. वाक्य जमलं की ते चार जणांना पाठवायचा मोह होतो. आपल्या कायद्यात कल्पनेवर, विषयावर किंवा नुसत्या कथासूत्रावर कॉपीराइट मिळत नाही, तो मिळतो कल्पनेच्या लिखित मांडणीवर. सर्वोच्च न्यायालयानं 1978मध्ये आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात हे स्पष्ट केलं आहे. म्हणजे लॉगलाइन जितकी चांगली, तितकी ती उघड्यावर पडलेली. त्यामुळे वाक्य बाहेर पाठवण्याआधी त्यामागची गोष्ट निदान आठ-दहा पानांत तपशिलानं लिहून काढा, स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे तिची नोंदणी करा आणि कोणाला कधी काय पाठवलं ते ईमेलनंच पाठवा, म्हणजे तारखेचा पुरावा राहील. मगच निर्मात्याला फोन करा आणि त्यानं ‘गोष्ट काय आहे?’ असं विचारलं, की ते एक वाक्य सांगून गप्प बसा. पुढचा प्रश्न त्याला विचारू द्या.